भिलाव्याला टीप, संसाराला नाही: एका अनुवादातल्या अकरा टिपांचं काय झालं

बहिणाबाई चौधरींची ‘संसार’ ही कविता हिंदीत आणण्याचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा संपादकांनी दोन अटी घातल्या. नियतकालिकाची दोनच पानं मिळणार होती. आणि अवघड शब्दांचे अर्थ कवितेखाली द्यायचे होते, म्हणजे शाळेच्या पुस्तकात धड्याखाली ‘शब्दार्थ’ असतात तसे. शिवाय अंक निघाल्यावर एका कार्यक्रमात हीच कविता मोठ्यानं वाचायची होती. पहिली अट मी लगेच मान्य केली. दुसरीवर आमचं जवळपास महिनाभर बोलणं चाललं, आणि शेवटी जे छापलं गेलं ते त्यांनी मागितलं तसंही नव्हतं आणि मी आधी ठरवलं होतं तसंही नव्हतं. मधल्या महिन्यात काय घडलं ते इथे सविस्तर मांडते आहे.

बहिणाबाई १८८० साली जळगावजवळच्या आसोद्यात जन्मल्या आणि १९५१ साली गेल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात आणि जात्यावर त्यांनी रचलेली गाणी मुलगा सोपानदेव आणि घरातल्या माणसांनी उतरवून ठेवली, आणि आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं १९५२ साली ती पुस्तकरूपात आली. भाषा लेवा पाटीदारांची, तिथे ‘ळ’चा ‘य’ होतो. कळसाचा कयस होतो, मिळते ऐवजी मियते म्हणतात. माझी आजी यावल तालुक्यातली असल्यामुळे ही बोली मी लहानपणापासून ऐकली आहे. ओळखीच्या भाषेतला अनुवाद सोपा जाईल असं मला वाटलं होतं. अडचण तिथूनच सुरू झाली, कारण कोणता शब्द अवघड आहे हे मी माझ्या ओळखीवरून ठरवत होते.

पहिला खर्डा

पहिल्या खर्ड्यात मी मूळचे बरेचसे शब्द तसेच ठेवले आणि त्यांना आकडे देऊन खाली अकरा टिपा लिहिल्या. संसार, भाकर, राऊळ, लोढणं, खिरा, भिलावा, भीमफूल, गोडंबी, सागरगोटे, ईसार, जोजार. कविता एका पानात बसली आणि टिपांनी दुसरं पान भरलं. त्यातली भाकरीवरची टीप सर्वांत लांब होती आणि मला ती फार आवडली होती.

संपादक खूश झाल्या. म्हणाल्या, “ताई, बस यही चाहिए था.” मला मात्र छापील पान डोळ्यांसमोर आल्यावर खटकायला लागलं. बहिणाबाईंच्या चरणात आठ अक्षरं असतात. अ-रे-सं-सा-र-सं-सा-र, ज-सा-त-वा-चु-ल्ह्या-व-र. आठ अक्षरं म्हणजे जात्याचा एक फेर. त्या आठांमध्ये डोक्यावर एक बारीक आकडा बसला की वाचणाऱ्याची नजर खाली उतरते, अर्थ वाचून परत वर येते, आणि तोवर जातं थांबलेलं असतं. अकरा आकडे म्हणजे अकरा वेळा थांबणं.

पण हे माझं मत झालं. संपादकांचं म्हणणंही खरंच होतं: ज्याला लोढणं ठाऊक नाही, त्याला ते कडवं कळणारच नाही, मग लय टिकून उपयोग काय? दोघींनाही स्वतःची बाजू पटत होती, म्हणून मी वाचकांकडे गेले.

चार वाचक

मराठी अजिबात न येणारे चार जण निवडले. पाटण्याच्या एक निवृत्त शिक्षिका, भोपाळचा कॉलेजातला मुलगा, इंदूरचे एक बँक कर्मचारी आणि मूळच्या कानपूरच्या माझ्या शेजारीण. चौघांना टिपा काढलेला खर्डा दिला. दोन गोष्टी करायला सांगितल्या. आधी कविता एकदा मोठ्यानं वाचायची, मग कागद उलटा ठेवून एकेक कडवं आपल्या शब्दांत सांगायचं. वाचताना ते कुठे अडखळतात ते मी एका रंगात खुणावत होते आणि सांगताना कुठे चुकतात ते दुसऱ्या रंगात.

अडखळण्याच्या खुणा अपेक्षेप्रमाणे पडल्या. लोढणं, भीमफूल, गोडंबी, जोजार. शब्दार्थ द्यायचेच तर याच शब्दांना दिले असते. पण दुसऱ्या रंगाच्या खुणा बघून मी चकित झाले, कारण सर्वांत मोठी चूक जिथे झाली होती तिथे एकही जण अडखळला नव्हता. तो शब्द होता ‘संसार’.

हिंदीत संसार म्हणजे जग. चौघांनीही हा शब्द सहज वाचला आणि चौघांपैकी तिघांनी पहिलं कडवं असं सांगितलं: ही दुनिया तापलेल्या तव्यासारखी आहे, इथे आधी पोळून घ्यावं लागतं, मग पोट भरतं. अर्थ जुळतो, वाक्य पूर्ण होतं, शंका येत नाही. फक्त कविता दुसरीच होते. नवरा-बायको, चूल, मुलंबाळं, देणी-घेणी, दोन जिवांनी मिळून ओढायचा गाडा, म्हणजे आपण ज्याला संसार म्हणतो तो या वाचनात कुठेच नाही. भोपाळच्या मुलाला तर ‘दोन्ही जीवाचा इचार’ हे दोन जीव कोण तेच लागेना. त्यानं आत्मा आणि परमात्मा असा अर्थ लावला, आणि हिंदीतली निर्गुण भजनं ऐकून वाढलेल्या मुलाचं त्यात काही चुकलं असं मला वाटत नाही.

इथे शब्दार्थांच्या यादीचा मुख्य दोष मला दिसला. वाचक खाली बघतो तो अडल्यावर. जो शब्द त्याला येतो असं वाटतं, त्याचा अर्थ तो शोधत नाही. यादी अनोळखी शब्दांसाठी चालते. ओळखीचा दिसणारा परका शब्द तिच्यातून निसटतो, आणि मराठी-हिंदीत असे शब्द पावलोपावली आहेत. माझ्या अकरा टिपांत संसारवर टीप होती, पण तिथे आकडा असूनही ती कोणी वाचली असती याची मला आता खात्री नव्हती.

संसार: टीप शीर्षकात गेली

सरळ उपाय म्हणजे ‘गृहस्थी’. अक्षरंही जुळतात: अ-रे-गृ-ह-स्थी-गृ-ह-स्थी, मोजून आठ. चार दिवस मी तोच शब्द धरून बसले होते. दोन कारणांनी सोडला.

पहिलं कारण कानाचं. संसार हा शब्द दोनदा म्हणताना मोकळा वाहतो. गृहस्थी दोनदा म्हटलं की जीभ ‘स्थ’वर दोनदा अडते, आणि ही ओळ पुन्हा पुन्हा येते.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. मराठीतही संसार म्हणजे नुसतं घर नव्हे. संतांच्या वाणीत संसार म्हणजे मिथ्या, सोडून द्यायचा पसारा. बहिणाबाई ‘खोटा कधी म्हनू नही’ म्हणतात तेव्हा त्या त्याच जुन्या वाणीशी बोलत असतात. चूल सांभाळणारी बाई वैराग्य सांगणाऱ्यांना सांगते आहे की याला खोटा म्हणू नका. गृहस्थी म्हटलं की हे बोलणं उरत नाही, कारण गृहस्थीला माया कोणी म्हणत नाही. म्हणजे हिंदी वाचकाला जो अर्थ आपोआप सुचतो तो पुसायचा नव्हता, त्याच्या शेजारी दुसरा बसवायचा होता. आकडा टाकून खाली ‘संसार = गृहस्थी’ लिहिलं असतं तर त्या बरोबरच्या चिन्हानं नेमका एक अर्थ मारला असता.

हिंदीत ‘घर-संसार’ हा जोडशब्द रोजच्या बोलण्यातला आहे, घर-संसार बसाना असं म्हणतात. तो आधी पहिल्या ओळीत घालून पाहिला: ‘अरे घर का संसार’. आठ अक्षरं झाली, पण पालुपद पहिल्यांदाच ऐकू येताना मोडलं. जे नंतर सारखं यायचं आहे ते पहिल्या वेळी धड आलं पाहिजे. मग तो शब्द ओळीतून उचलून वर ठेवला. कवितेचं हिंदी शीर्षक ‘घर-संसार’ केलं आणि आत सगळीकडे संसार तसाच राहू दिला.

शीर्षक प्रत्येक जण वाचतो आणि कवितेच्या आधी वाचतो, म्हणून तिथे घातलेली माहिती चुकत नाही. आधीचे चौघे आता उपयोगाचे नव्हते, त्यांना अर्थ कळून चुकला होता, म्हणून नवे तीन वाचक घेतले. तिघांनीही पहिलं कडवं घरावरचं म्हणून सांगितलं. ‘खोटा’च्या कडव्याला त्यातल्या एकीनं आपणहून मायेची आठवण काढली. मला दोन्ही हवं होतं आणि दोन्ही मिळालं.

लोढणं

नही रडनं, कुढनं
येड्या, गयातला हार
म्हनू नको रे लोढनं

पहिल्या फेरीत पाटण्याच्या बाईंना मी विचारलं, लोढना म्हणजे काय असेल? त्या म्हणाल्या, दगड असणार, सिल-लोढ़ा असतो ना, तसला. म्हणजे वाटायचा वरवंटा गळ्यात बांधलेला. चूक, पण चित्र ओझ्याचंच असल्यामुळे त्यांना कडवं लागलं असं वाटलं. मूळ शब्द तसाच ठेवण्यातला धोका असा असतो. तो परका दिसत नाही, दुसऱ्याच शब्दाचा भाऊ वाटतो.

मलाही लोढणं नीट माहीत आहे का, हे मी तोवर विचारलं नव्हतं. आईला फोन केला.

“आई, लोढणं कोणत्या गुराला बांधायचे गं?”

“ओढाळ गुराला, आणखी कोणाला? गरीब गाईला कोण बांधतंय. लाकडाचा ओंडका गळ्यातून दोरीनं असा खाली सोडायचा, की पळायला लागलं की तो पुढच्या पायांच्या मध्ये आपटतो. चालताना काही होत नाही. पळायचं म्हटलं की लागतो.”

हे ऐकल्यावर कळलं की ‘बोझ’ का चालत नव्हतं. लोढण्याचं काम वजन देणं नाही, पळू न देणं आहे. आणि ते ओढाळालाच असतं. बहिणाबाईंच्याच दुसऱ्या गाण्यात मन हे ‘वढाय’ आहे, उभ्या पिकातलं ढोर आहे. वढाय म्हणजे तोच ओढाळ. ज्या ‘येड्या’ला त्या इथे समजावतात त्याचं मन तसलंच आहे, पीक दिसलं की धावणारं, आणि संसार त्याला पायात आडवा येतो. हे सगळं एका शब्दात आहे.

हिंदीच्या मोठ्या शब्दकोशात यालाच नेमका शब्द सापडला: ‘ठेंगुर’. अर्थ अगदी तोच, नटखट गुराच्या गळ्यातला लाकडाचा ओंडका. मला फार आनंद झाला. नव्या तिघांना तो शब्द दाखवला तर एकानंही ऐकलेला नव्हता. कोशात असलेला शब्द माणसांच्या कानात असेलच असं नाही. अनोळखी मराठी शब्दाला टीप द्यायची ती अनोळखी हिंदी शब्दाला दिली असती, एवढाच फरक पडला असता.

शेवटी ओळीतच वर्णन केलं:

गले का यह हार है
काठ का कुंदा न कह

दोन्ही चरण आठ अक्षरांचे. हार आणि कुंदा, दोन्ही गळ्यातले, डोळ्यांसमोर येतात. अडखळणं संपलं. पण ओढाळ ढोर मात्र ओळीतून गेलं, ते आठ अक्षरांत बसत नव्हतं. ते टिपेत द्यायचं ठरवलं. इथे टीप वाचकाला वाचवण्यासाठी नाही. ती वाचली नाही तरी कडवं उभं राहतं, वाचली तर येडा कोण ते कळतं. अशा टिपेला आकडा लागत नाही, ती कवितेनंतर वाचली तरी चालते.

भिलावा: इथे टिपेशिवाय गत्यंतर नव्हतं

अरे संसार संसार
म्हनू नको रे भिलावा
त्याले गोड भीमफूल
मधी गोडंब्याचा ठेवा

भिलावा म्हणजे आपला बिब्बा. हिंदीतही भिलावा किंवा भिलावाँ, म्हणजे शब्दाचा प्रश्नच नाही. संपादक म्हणाल्या, हे तर सगळ्यांना माहीत असतं. इंदूरच्या काकांना होतं. भोपाळच्या मुलाला नव्हतं, आणि त्यानं कडवं असं सांगितलं: संसार भिलाव्यासारखा गोड नाही. बरोबर उलटं.

चूक कुठे झाली ते बघण्यासारखं आहे. भिलावा वाईट का, हे बहिणाबाई सांगतच नाहीत. ऐकणाऱ्या बायकांना ते सांगायची गरज नव्हती. बिब्ब्याचं काळं तेल अंगाला लागलं की कातडी उतते, फोड येतात. धोबी त्याच तेलानं कपड्यांवर खुणा करायचे, कारण तो डाग धुण्यानं जात नाही. म्हणून संसाराला कंटाळलेला माणूस म्हणणार, हा भिलावा आहे. आणि बहिणाबाई उत्तर देतात: अरे, पण त्याच भिलाव्याला वरती गोड फूल असतं आणि आत गोडंबी. भीमफूल म्हणजे बीच्या बुडाशी धरणारा नारिंगी मांसल भाग, तो खातात. गोडंबी म्हणजे बी फोडल्यावर निघणारा गर. उतणारं तेल या दोन गोड गोष्टींच्या मध्ये, बीच्या टरफलात असतं. सगळा युक्तिवाद त्या न सांगितलेल्या फोडांवर उभा आहे. ते माहीत नसतील तर ‘म्हनू नको रे’ला अर्थच राहत नाही.

माझी पहिल्या खर्ड्यातली टीप अशी होती: ‘भिलावा: एका जंगली झाडाचं फळ. बाहेरून त्रासदायक पण आतून गोड.’ हिचा पहिला अर्धा भाग खरा आणि निरुपयोगी आहे, झाडाचं फळ आहे हे कळून कडवं उलगडत नाही. दुसरा अर्धा भाग तर वाईटच, कारण कडव्यानं जे सांगायचं तेच टिपेनं आधी सांगून टाकलं. कवितेनं ‘आत गोडंबी आहे’ म्हणण्याआधीच वाचकाला ते ठाऊक झालेलं असणार. कवितेनं गृहीत धरलेली गोष्ट, म्हणजे फोड, फक्त तेवढी टिपेत हवी होती. गोडी कवितेत होतीच.

भीमफूल आणि गोडंबी यांना वेगळ्या टिपा दिल्या नाहीत. ‘ऊपर मीठा फूल है, भीतर मीठी गिरी’ एवढं ओळीत सहज मावलं. भीमफूल या शब्दातला डौल गेला, त्याचं मला वाईट वाटतं. पण तीन अनोळखी शब्द एकाच कडव्यात ठेवले असते तर वाचक भिलाव्यापर्यंत पोचलाच नसता.

ओळीतच फोड घालायचा प्रयत्नही केला होता, ‘छाले देने वाला भिलावा’ वगैरे. अक्षरं वाढतातच, शिवाय बहिणाबाई जे बोलत नाहीत ते त्यांच्या तोंडी जातं. वाईट बाजू न बोलता चांगलीच मोजायची, ही त्या कडव्यातल्या बाईची रीत आहे. ती मोडायची नव्हती.

ज्यांना काहीच लागलं नाही

खिऱ्याची, म्हणजे काकडीची, टीप काढली तेव्हा कविता चांगली झाली. ‘एक तोंडामधी कडू, बाकी सारा लागे गोड’ हे वाचताना हिंदी वाचकाला रहीमचा दोहा आठवतो, खिऱ्याचं डोकं कापून मीठ चोळायला सांगणारा, कडवट तोंडाला हीच शिक्षा म्हणणारा. पाटण्याच्या बाईंनी तो तिथल्या तिथे म्हणून दाखवला, आणि म्हणाल्या, ही बाई तर शिक्षाच देत नाही. मी खाली टीप देऊन हे कधीच मिळवू शकले नसते. कयस आणि लोटाही तसाच. मराठीत कळस म्हणजे देवळाचा, हिंदीत कलश पाण्याचाही आणि देवळाचाही, त्यामुळे ‘राउळाच्या कयसाले लोटा कधी म्हनू नही’ हे हिंदीत मुळापेक्षाही जास्त लागतं. ईसाराला ‘बयाना’ हा पूर्ण शब्द आहे. व्यवहार ठरताना आगाऊ द्यायची रक्कम, दोन्हीकडे तीच.

सागरगोट्यांना आधी ‘गुट्टे’ केलं, कारण मुलींचा तो खेळ हिंदीत त्याच नावानं चालतो. कानपूरच्या शेजारीण म्हणाल्या, गुट्टे दगडाचे असतात, शेंगेत कसे आले? बरोबर होतं. सागरगोटा हे काटेरी शेंगेत येणारं राखाडी, गुळगुळीत बी आहे, खेळ नंतरचा. हिंदीत त्या बीला कंजा म्हणतात. बी फारसं कोणी पाहिलेलं नसतं, पण घाऱ्या डोळ्यांना कंजी आँखें म्हणतात ते त्याच्या रंगावरून, त्यामुळे शब्द ओळखीचा वाटतो.

फली ऊपर से काँटे
अरे ऊपर से काँटे
भीतर चिकने कंजे

काटे आणि आतला गुळगुळीतपणा कवितेनंच सांगितला आहे. बी नेमकं कोणतं हे न कळताही कडवं पुरतं लागतं. भिलाव्यात आणि यात हाच फरक, आणि हाच फरक पुढे मी कसोटीसारखा वापरला: कडव्याला लागणारी गोष्ट कडव्यात आहे की बाहेर?

राहिली भाकरी. त्या टिपेत मी लिहिलं होतं की थापलेली भाकरी तव्यावर टाकल्यावर तिच्या वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवतात, मग बोटांनीच ती उलटतात, त्यामुळे चटका हा अपघात नसून भाकरी करण्याचाच भाग आहे. हे खरं आहे, आणि मला ते कडवं यामुळेच इतकं जवळचं वाटतं. पण ‘पहले हाथ जलाए, तब मिलती है रोटी’ हे सगळ्यांनी पहिल्या वाचनात बरोबर सांगितलं होतं. टीप कवितेसाठी नव्हती, माझ्या आजीच्या हातांसाठी होती. कसोटी स्वतःवर लावली आणि काढून टाकली. सर्वांत जड मनानं काढलेली टीप हीच.

जोजार मात्र सुटला नाही. त्रास, छळ, लचांड या सगळ्यांची छटा त्यात आहे. मी ‘जंजाल’ वापरला, तो पुरेसा जवळ आहे एवढंच म्हणेन. अर्थ थोडा उणा पडला तरी तिथे टीप दिली नाही, कारण ‘जंजाल पण थोडं वेगळं’ असं सांगणाऱ्या टिपेनं वाचकाच्या हाती काही पडत नाही.

छापून काय आलं

कवितेखाली एक ओळ मोकळी सोडून, आकडे न देता, लहान टायपात हिंदीत एवढंच गेलं. त्याचा मराठी मजकूर असा:

‘ओढाळ गुरानं पळू नये म्हणून त्याच्या गळ्यात लाकडाचा ओंडका बांधतात, मूळ कवितेत त्याला लोढणं म्हटलं आहे. भिलाव्याचं तेल अंगाला लागलं की फोड येतात.’

दोन वाक्यं. अकरांपैकी एक टीप शीर्षकात गेली, दोन या वाक्यांत उरल्या, बाकीच्या आठांचं काम ओळींनीच केलं किंवा त्यांची गरजच नव्हती. संपादकांची शेवटची हरकत होती की आकडा नसेल तर टीप कोणाची ते कसं कळणार. आम्ही दोन्ही शब्द टिपेत ठळक केले, तेवढ्यावर त्या तयार झाल्या. कवितेला दीड पान मिळालं, आणि दोन कडव्यांच्या मधे मोकळी जागा सोडता आली.

वाचनाच्या कार्यक्रमात खाली बघायची सोयच नसते. तिथे भिलाव्याचं वाक्य मी कविता सुरू करण्याआधी बोलून टाकलं, पण लगेच आधी नाही. बहिणाबाई कोण, त्यांच्या शेतात-रानात काय काय होतं हे सांगताना, बोलता बोलता. कवितेच्या तोंडावर सांगितलं असतं तर लोक त्या कडव्याची वाट बघत बसले असते. लोढण्याचं काहीच सांगितलं नाही, ‘काठ का कुंदा’ ऐकणाऱ्यांना पुरला.

काही महिन्यांनी मराठी शिकणाऱ्या हिंदीभाषक विद्यार्थ्यांच्या एका पुस्तिकेसाठी हाच अनुवाद मागितला गेला. तिथे डाव्या पानावर मूळ कविता होती आणि उजव्यावर हिंदी. विद्यार्थ्याला मूळ शब्दच शिकायचे असतात आणि तो थांबण्यासाठीच वाचत असतो, म्हणून तिथे मी अकराच्या अकरा टिपा मूळ कवितेच्या बाजूला परत घातल्या, बोलीतल्या ‘ळ’च्या ‘य’सकट. भाकरीची टीपही आली, पाण्याच्या हातासह. संसारच्या टिपेत दोन्ही अर्थ वेगवेगळ्या ओळींवर लिहिले आणि मध्ये बरोबरचं चिन्ह दिलं नाही. फक्त भिलाव्याची टीप होती तशीच ठेवली, एका वाक्याची, फोडांपाशी थांबणारी.